उजवा रकाना

तालुका आरोग्य अधिकारी डॉ. कल्याण दरेकर यांना बोला म्हणून सांगावं लागत नसे, पुरे म्हणून सांगावं लागे. सत्कार असो, शोकसभा असो, नाहीतर शाळेत जंतांच्या गोळ्या वाटायचा दिवस असो, हा माणूस माइक हातात घेई आणि मांडवाच्या कडेला चुळबूळ करणारी पोरंसुद्धा गप्प बसत. पण याच माणसाच्या मागे पडदा लावून त्यावर स्लाईड आली की सगळं संपलं. समोरच्यांकडे पाठ करून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत सुटत, धडा वाचायला उभं केलेल्या पोरासारखे. आणि ओळी तरी किती! मुंगीला पाय ठेवायला जागा नसे.

जिल्ह्याच्या मागच्या बैठकीत अध्यक्ष मॅडमनी त्यांना भर सभागृहात अडवलं. "डॉक्टर, वाचता मलाही येतं," त्या म्हणाल्या. "जे तिथे लिहिलेलं नाही ते सांगा." सभागृह हसलं. दरेकरसाहेबही हसले, पण ते हसू त्यांना परतीच्या वाटेत पचलं नसावं, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी बोरमळा आरोग्य केंद्राच्या डॉ. स्नेहलला बोलावून घेतलं. स्नेहल पुण्याला कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आली होती आणि तेव्हापासून स्लाईड कशी असावी, बोलणं कसं असावं यावरून सगळ्यांचं डोकं खात असे. आतापर्यंत तिला कुणी भीक घातली नव्हती. आता साहेबांनीच विचारल्यावर तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच वाटलं.

पुढची बैठक होती माता मृत्यूंची. गरोदरपणात नाहीतर बाळंतपणात बाई गेली की ती का गेली याची छाननी होते. उशीर कुठे झाला हे तीन ठिकाणी शोधायचं असतं: घरातून निघायला, दवाखान्यापर्यंत पोचायला आणि दवाखान्यात उपचार मिळायला. प्रकरण तालुक्याच्या साहेबांनी मांडायचं, नातेवाइकांना बोलवायचं, त्यांचंही ऐकायचं, अशी रीत. या खेपेचं प्रकरण होतं सरवरीचं, आणि सरवरी होती बोरमळ्याची.

सरवरी म्हणजे गनीभाई मणियार यांची सून. गनीभाई बांगड्या विकत. काष्टीच्या बाजारात त्यांची पथारी ठरलेली, आणि आसपासच्या दहा गावांतल्या बायांचे हात त्यांच्या ओळखीचे. मुलगा तौसीफ भिंगारला गादीच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे सुनेला दवाखान्यात नेणं-आणणं सासऱ्याकडेच होतं. नववा महिना लागला होता. बाजारचा दिवस असूनही गनीभाई घरी थांबले होते, कारण सकाळपासून सरवरीला बरं वाटत नव्हतं. दुपारी तिला अंगावरून रक्त जायला लागलं आणि त्यांनी त्या घटकेला आरोग्य केंद्रात फोन लावला.

तो फोन स्नेहलनेच घेतला होता. आधी तिने मोठ्या अँब्युलन्सला कळवलं, तर ती हायवेच्या अपघातावर गुंतलेली. मग तिने केंद्राच्या गाडीच्या ड्रायव्हरला, अंगदला फोन केला. गाडी केंद्रात नव्हती. तालुक्याच्या गावात एका पुढाऱ्याचा सत्कार होता आणि तिथे "असावी एखादी गाडी उभी" म्हणून दरेकरसाहेबांनी ती सकाळीच मागवून घेतली होती. अंगद म्हणाला, निघालोच मॅडम. स्नेहलने गनीभाईंना फोन करून सांगितलं, गाडी निघाली आहे, तिला हलवू नका, घरीच थांबा.

गाडी निघाली नव्हती. मांडवाच्या तोंडाशी पुढाऱ्यांच्या गाड्या अशा लागल्या होत्या की अंगदला ती मागे घेता येईना, आणि साहेबांना विचारायला गेला तर ते व्यासपीठावर होते. भाषण संपू दे, मग काढू, असा त्यांनी हातानेच इशारा केला. इकडे गनीभाई दारात उभे राहून रस्त्याकडे बघत राहिले. पाऊण तासाने त्यांनी शेजाऱ्याचा कांद्याचा टेम्पो रिकामा करून घेतला आणि सुनेला त्यात घातलं. शहरातल्या दवाखान्यात पोट उघडून मूल काढलं, ते जगलं. सरवरी जगली नाही. मुलीचं नाव त्यांनी अलिझा ठेवलं.

गावाला गोष्ट हवी असते आणि ती सोपी हवी असते. म्हाताऱ्याने बाजार सोडला नाही, पथारी आवरून यायला उशीर केला, पोरगी हकनाक गेली, असं गावाने ठरवून टाकलं. बाजारचा दिवस होता एवढा पुरावा गावाला पुरला. ज्या बायांचे हात गनीभाईंनी नवरीपणी भरले होते त्या आता दुसऱ्याच्या पथारीवर बसू लागल्या. आपण वेळेत फोन केला हे बापाचं सांगणं तौसीफला पटलं नव्हतं आणि तो बोलेनासा झाला होता. तोंडावर काही म्हणत नव्हता, पण पोरीला बघायला यायचा आणि बापाकडे पाठ करून बसायचा. नातीच्या डोसाच्या दिवशी गनीभाई केंद्रात आले तेव्हा स्नेहलने त्यांना बैठकीबद्दल सांगितलं. त्यांनी एकच मागितलं.

"मोठ्या सायबासमोर कुनीतरी बोलावं, का गनीनं वेळेत फोन केल्ता," ते म्हणाले. "तौसीफला संगं आनतो. त्याच्या कानावर पडलं का झालं. मला दुसरं काई नको बाई."

सगळ्या गोष्टीत पणाला लागलेलं काही असेल तर ते एवढंच. नुकसानभरपाई नव्हे, कुणाची बदली नव्हे. एक वाक्य, भर सभेत, मुलाच्या कानावर.

स्नेहल कामाला लागली. साहेबांच्या ऑफिसने आधी केलेल्या स्लाईड तिने उघडल्या तेव्हा तिला रडावं की हसावं कळेना. एकेका पडद्यावर अख्खा परिच्छेद, खाली बारीक अक्षरात आणखी एक. तिने साहेबांना समोर बसवून समजावलं, आणि शिकवताना ती जरा तोऱ्यातच होती हेही सांगायला हवं. माणूस डोळ्याने वाचतो ते तोंडाने वाचण्यापेक्षा फार भरभर, ती म्हणाली. तुम्ही तिसऱ्या ओळीवर असता तेव्हा समोरच्याचं सगळं वाचून झालेलं असतं आणि त्याने मोबाईल काढलेला असतो. शिवाय वाचणं आणि ऐकणं एकदम जमत नाही, दोन्ही अर्धवट राहतं. म्हणून डोळ्याला जे झटकन कळतं तेवढंच पडद्यावर: एक रेघ, एक नकाशा, चार शब्द. ते का झालं, कुणामुळे झालं, त्याचं पुढे काय करायचं, हे तुमच्या तोंडात.

मग तिने संहिता लिहिली. कागदाला मधोमध रेघ मारून दोन रकाने केले. डाव्या रकान्यात पडद्यावर काय दिसणार ते, उजव्यात साहेब काय बोलणार ते. नियम सरळ होता: उजवीकडचं वाक्य डावीकडे आधीच असेल तर ते खोडायचं. स्लाईड आली की आधी क्षणभर गप्प राहायचं, लोकांना बघू द्यायचं आणि मग बोलायचं. प्रत्येक स्लाईडच्या बोलण्यातला शेवटचा शब्द तिने लाल केला. तो शब्द साहेबांच्या तोंडून पडला की लॅपटॉपवर बसलेली स्नेहल पुढची स्लाईड लावणार. "पुढची लावा" असं म्हणायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. साहेबांचं तोंड आणि तिचं बोट यांची गाठ त्या लाल शब्दाने बांधलेली.

सगळं पाचव्या स्लाईडवर अडलं. तिथे पहिल्या उशिराची रेघ होती, फोनपासून घर सोडेपर्यंतची. स्नेहलने तिच्यावर लिहिलं होतं, "घरी थांबले : पाऊण तास", आणि खाली, "केंद्राची गाडी सत्काराच्या कार्यक्रमात". साहेबांनी चष्मा वर केला आणि खालची ओळ काढायला सांगितली.

ती म्हणाली, ही काढली तर राहिलेली ओळ नातेवाइकांवर जाते. वाचणाऱ्याला वाटेल, हेच बसून राहिले.

"वाचणाऱ्याला वाटेल ना? पण मी वाचणारच नाही आहे, मी बोलणार आहे," साहेब म्हणाले. "हे बघा मॅडम. स्लाईडची फाईल सगळ्यांच्या मोबाईलवर जाते. तिथून पेपरात जाते. पुढाऱ्याचं नाव नसलं तरी कार्यक्रम कुठला ते शेंबडं पोरही ओळखेल. गाडी नेली ती माझ्या तोंडी आदेशाने. आदेश तोंडी होता, तोंडीच कबूल करतो. आणि तुम्हीच तर शिकवलंत, कारण पडद्यावर नाही, तोंडात."

तिचाच नियम त्यांनी तिच्या पदरात घातला. खरं तर ते म्हणत होते ते शिकवल्याप्रमाणे बरोबरही होतं. पुण्याच्या त्या प्रशिक्षणात हेच सांगितलं होतं. फक्त बोलणारा शेवटच्या क्षणी गप्प बसला तर काय करायचं, हे सांगितलं नव्हतं. तिने खालची ओळ काढली आणि उजव्या रकान्यात साहेबांसाठी लिहिलं:

"हे घरी का थांबले? कारण आपण त्यांना थांबा म्हणालो. यांनी रक्त दिसताक्षणी फोन केला होता. गाडी निघाली आहे असं आपल्या डॉक्टरांनी सांगितलं, कारण त्यांना तसं कळलं होतं. गाडी निघाली नव्हती. ती मी एका सत्काराला उभी करून ठेवली होती. हा उशीर घरच्यांचा नाही, हा उशीर आपला."

'आपला' हा शब्द लाल होता.

तालीम झाली तीन वेळा, साहेबांच्या केबिनमध्ये, दार लावून. आणि माणूस काय बोलला! पाचव्या स्लाईडवर ते थांबले, क्षणभर पडद्याकडे बघू दिलं, मग आवाज खाली आणून त्यांनी ते शब्द असे म्हटले की स्नेहल कागदाकडे बघायची विसरली. हात जोडावेत तशी त्यांची बोटं टेबलावर एकमेकांत अडकली होती. "हा उशीर आपला," ते म्हणाले, आणि तिने कळ दाबली, आणि नेमक्या त्या श्वासाला सहावी स्लाईड आली. तिला वाटलं, जमलं. वाचणाऱ्या माणसाला आपण बोलतं केलं. त्याहून मोठं, खरं बोलतं केलं. माणसाला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं की त्याची नजर अधू होते. स्नेहलचं तेच झालं.

बैठकीच्या आदल्या दिवशी तिने गनीभाईंना फोन केला. सर स्वतः सांगणार आहेत, ती म्हणाली, सगळं, त्यांच्या तोंडाने. तुम्ही मध्ये काही बोलू नका, फक्त ऐका. गनीभाईंनी वेळ आणि जागा पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाले, "बरं बाई. तुमी म्हन्ता तर ऱ्हातो थांबून."

बैठक जिल्ह्याच्या ठिकाणी, थंड हवेच्या मशीनच्या सभागृहात. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका टोकाला अध्यक्ष मॅडम. नातेवाईक भिंतीकडेच्या खुर्च्यांवर. गनीभाईंनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. शेजारी तौसीफ, एक खुर्ची मध्ये सोडून. स्नेहल लॅपटॉपपाशी बसली. तिच्यासमोर संहितेची एक प्रत, दुसरी साहेबांच्या हातात. त्याआधी, आपल्या बारीसाठी बाहेर उभे असताना साहेबांना फोन आला होता. ते व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेले, नुसते "हो हो" म्हणत परत आले आणि त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. फोन कुणाचा होता हे स्नेहलला आजवर कळलेलं नाही, आणि कळून तरी काय उजेड पडणार होता.

सुरुवात उत्तम झाली. पहिल्या स्लाईडवर नुसता नकाशा: गाव, केंद्र, शहर. साहेब पडद्याकडे वळलेही नाहीत. या रस्त्यावर पावसाळ्यात काय होतं, उसाच्या गाड्या लागल्या की काय होतं, हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. लाल शब्द पडला, कळ दाबली गेली. दुसरी, तिसरी, चौथी. सरवरीच्या तपासण्या, तिचं कमी रक्त, तिने घेतलेल्या गोळ्या. पडद्यावर एक रेघ आणि तोंडात तिचा अर्थ. अध्यक्ष मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्या ऐकू लागल्या. "छान," त्या मध्येच म्हणाल्या, "असं मांडायचं असतं." टेबलापाशी बसलेल्या दोन-तीन तालुक्यांच्या माणसांनी माना खाली घातल्या.

चौथीचा लाल शब्द पडला. स्नेहलने पाचवी लावली.

साहेब थांबले. तालमीत थांबले होते तसेच. लोकांनी पडद्याकडे पाहिलं. स्नेहलने गनीभाईंकडे पाहिलं. म्हातारा पुढे झुकला होता, आणि तौसीफचा हात त्याने रिकाम्या खुर्चीवरून हलकेच धरला होता.

दरेकरसाहेब वळले. सभेकडे पाठ केली, पडद्याकडे तोंड केलं आणि वाचलं:

"पहिला उशीर. घरी थांबले, पाऊण तास."

आणि म्हणाले, "पुढची."

स्नेहलचं बोट कळीवर होतं. लाल शब्द पडला नव्हता. तिने कळ दाबली नाही. तिला वाटलं, ओळ चुकली असेल, आता सावरतील, कागदात बघतील. कागद त्यांच्या हातात होता, नीट धरलेला, आणि उजवा रकाना त्यांच्या डोळ्यासमोर होता. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"पुढची लावा, मॅडम," ते म्हणाले. आवाज मऊ होता.

तिने लावली नाही. पडद्यावर ते चार शब्द तसेच राहिले, आणि जितका वेळ राहिले तितके जास्त खरे वाटू लागले. ही तिचीच करामत होती. बाकी सगळं पुसून तिनेच ते इतके एकटे आणि ठळक केले होते. तिने भरभरून लिहिलेली एखादी घाणेरडी स्लाईड ठेवली असती, मुंगीला जागा नसलेली, तर त्यांना निदान त्यातलं गाडीचंही वाचावं लागलं असतं.

कुणीतरी म्हणालं, लॅपटॉप अडकला वाटतं. तेवढ्या वेळात अध्यक्ष मॅडम भिंतीकडे वळल्या. त्यांनी चांगल्या आवाजात, अगदी आपुलकीने विचारलं, "बाबा, तुम्ही घरी इतका वेळ का थांबलात?"

गनीभाई उभे राहिले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग स्नेहलकडे. सत्काराचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की थांबा म्हणणारा आवाज या डॉक्टरबाईचा होता, आणि ती बाई आता समोर पांढरीफटक होऊन बसली आहे. तिचं नाव घेतलं तर तिचं काय होईल, हा हिशेब त्यांनी उभ्या उभ्या केला असावा. शिवाय मध्ये बोलू नका असंही तिनेच सांगितलं होतं.

"चुकलं आमचं," ते म्हणाले, आणि खाली बसले.

तौसीफने हात काढून घेतला.

तेव्हा स्नेहल उठली. खुर्ची मागे आदळली. ती काय बोलली ते तिला नंतर सलग आठवेना, पण सगळं बोलली: फोन वेळेत आला होता, थांबा असं मी सांगितलं, गाडी सत्काराला होती, आदेश सरांचा होता. वाक्यं एकमेकांत घुसत होती. लिहिताना जे तिने इतकं नेमकं लिहिलं होतं ते तिच्या तोंडून फाटून बाहेर येत होतं, आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, कुणी सभेत रडायला लागलं की येतो तो अवघडलेपणा होता.

अध्यक्ष मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं. आदेश लेखी आहे का, त्यांनी विचारलं. नाही, तोंडी होता. साहेब काही म्हणतील का? साहेब म्हणाले, वैद्यकीय मदत म्हणून गाड्या नेहमीच इकडे-तिकडे असतात, त्या दिवशीचं बघावं लागेल. डॉ. स्नेहल मॅडमचं मन आपण समजू शकतो, पेशंट त्यांच्या केंद्रातली होती, आणि फोनवरचा सल्लाही त्यांचाच होता. हे ते पडद्याकडे न बघता, अतिशय सुंदर बोलले.

"एवढं महत्त्वाचं होतं तर स्लाईडवर का नाही?" अध्यक्ष मॅडमनी स्नेहलला विचारलं. "स्लाईड केल्या कुणी?"

"मी," स्नेहल म्हणाली.

त्यावर कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. अजून चार तालुके बाकी होते. इतिवृत्तात लिहिलं गेलं ते असं: पहिला उशीर, नातेवाइकांकडून, गावात जनजागृती करावी, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी फोनवरच्या सल्ल्याबाबत खुलासा द्यावा. शेवटी अध्यक्ष मॅडम म्हणाल्या की या तालुक्याची मांडणी मात्र सुधारली, बाकीच्यांनीही असं थोडक्यात करायला शिकावं. दरेकरसाहेबांनी मान लवून आभार मानले, आणि वर म्हणाले की श्रेय डॉ. स्नेहल यांचं आहे.

हलकट माणूस शिवी देतो तेव्हा सोसता येतं, तो कौतुक करतो तेव्हा काय करायचं? स्नेहलने लॅपटॉप बंद केला आणि बाहेर आली. साहेब जिन्यापाशी कुणाशी तरी हसत होते. तिला पाहून एक पायरी वर आले, अगदी हळू म्हणाले, "वाचलं ते खोटं होतं का? तुम्हीच लिहिलेलं होतं," आणि उतरून गेले. तिला त्यांच्या मागे धावून त्यांची मानगूट धरावीशी वाटली. तिने तसं काही केलं नाही. तिच्यासारखी माणसं तसं काही करत नाहीत, म्हणून तर साहेबांसारख्यांचं निभावतं.

गनीभाई फाटकापाशी लिंबाखाली एकटेच उभे होते. तौसीफ निघून गेला होता, भिंगारच्या रिक्षात बसून, बापाला न सांगता. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. माफ करा म्हणायचं ठरवून आली होती, पण ते शब्द आता तिला स्वतःलाच उष्टे वाटले. तिने त्यांना विचारलं, शेवटी मी बोलले ते तौसीफने ऐकलं ना?

"त्यो तवाच उठून गेल्ता," गनीभाई म्हणाले. "मी चुकलं म्हनलं ना, तवाच."

ऊन चढलं होतं, म्हाताऱ्याच्या सदऱ्याला पाठीवर घामाची ओल आली होती, आणि स्टँड लांब होतं. काहीतरी करावं म्हणून तिने पर्समधून मोबाईल काढला.

"थांबा चाचा," ती म्हणाली, "मी गाडी बोलावते."

बोलून झाल्यावर तिला ऐकू आलं ती काय म्हणाली ते. गनीभाई तिच्याकडे बघत होते. रागाने नाही. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तवा थांबा म्हनलात, थांबलो," ते म्हणाले. "आज सायेब सांगतील म्हनलात, तवाबी थांबलो. आता न्हाई थांबायचं बाई."

आणि ते भर उन्हात स्टँडच्या दिशेने चालायला लागले.